पुराची वाळू: आधी सळई टोचा, मग यंत्र बोलवा

पत्र

आमचं दोन एकर रान सीना नदीच्या काठाला आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकडच्या बाजूला गुडघ्याखालपर्यंत वाळू साचली, मधल्या भागात वीतभर तरी असेल आणि वरच्या अंगाला चिकट गाळ बसून आता त्याच्या खपल्या उठल्यात. खाली तीन-चार फूट चांगली काळी माती आहे. जेसीबीवाला म्हणतो, सगळी वाळू काळ्या मातीपर्यंत खरडून देतो. शेजारचे म्हणतात, नुसता रोटाव्हेटर फिरवा. भावजींचं म्हणणं, कारखान्याची मळी टाकून जानेवारीत उसाची लागण करून मोकळं व्हा. पैसे एकदाच घालता येतील, म्हणून विचारते. काय करू?
— एक शेतकरी, ता. मोहोळ

उत्तर

ताई, तिघांचाही सल्ला आहे तसा घेऊ नका. सगळी वाळू काढायची गरज नाही. रोटाव्हेटरने काम अर्धवट राहील आणि नदीकडच्या भागात येत्या जानेवारीत ऊस लावला तर तो वाळूतच उपाशी राहील. तुमचे पैसे वाचणार आहेत ते एका गोष्टीने: वाळू कुठे किती इंच आहे हे आधी मोजायचं आणि काळ्या मातीत मिसळून जाईल तेवढी रानातच ठेवायची. त्यावरची तेवढीच बाहेर काढायची.

मोजणी सोपी आहे. १२ मिलिमीटरची, तीन फूट लांब लोखंडी सळई घ्या आणि तिच्यावर इंचाइंचाला खुणा करा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे तुम्हाला माहीत आहेच. दर गुंठ्याला एकदा सळई टोचायची, म्हणजे दोन एकरांत ऐंशी ठिकाणी. वाळूत सळई सरसर जाते, काळी माती लागली की अडते आणि वर काढल्यावर टोकाला काळं चिकटलेलं दिसतं. शंका आली तिथे फावड्याने उकरून बघा. प्रत्येक ठिकाणचा आकडा वहीत रानाच्या नकाशावर लिहा. दोघांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. अंदाजावर जाऊ नका, कारण पुराची वाळू लाटांसारखी बसते. वरून रान सपाट दिसलं तरी जुन्या सरीच्या जागी दुप्पट थर असतो.

मोजतानाच प्रत्येक भागात पट्टी उभी धरून फोटो काढा, आणि पंचनामा झाला नसेल तर तलाठ्यांकडून तो करून घेतल्याशिवाय वाळूला हात लावू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत, शेतावर तीन इंचांपेक्षा जास्त वाळू किंवा गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये धरले आहेत. थर किती इंच होता हे नंतर दाखवता येत नाही.

आता हिशेब. तुमच्या वर्णनावरून आम्ही असं धरतो की नदीकडच्या २० गुंठ्यांत सरासरी ११ इंच वाळू आहे, मधल्या २५ गुंठ्यांत साडेतीन इंच आणि वरच्या ३५ गुंठ्यांत एक ते तीन इंच गाळ. तुमचे आकडे वेगळे निघाले तर तेच घाला, रीत हीच राहील. एका एकरावर एक इंच वाळू म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास. यावरून नदीकडच्या २० गुंठ्यांत जवळपास २०० ब्रास वाळू पडलेली आहे. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर दोनशे खेपा. वरच्या निकषाने या २० गुंठ्यांना मदत बसते साधारण ३,६०० रुपये, म्हणजे ब्रासला १८ रुपये. तेवढ्यात भरणं, वाहणं काहीच होत नाही. म्हणून बाहेर न काढलेला प्रत्येक ब्रास हा तुमचा वाचलेला पैसा आहे.

किती ठेवता येईल? काळ्या मातीत चिकणमातीचा वाटा समजा निम्मा आहे. चार इंच वाळू आणि तिच्याखालची आठ इंच काळी माती एकजीव केली, तर बारा इंचांच्या मिश्रणात चिकणमाती उरते तेहतीस टक्क्यांच्या आसपास. वाळू वजनाला जड असल्याने प्रत्यक्षात थोडी कमीच. तरीही ही ओल धरणारी, कसायला उलट हलकी अशी जमीन होते. हाच प्रकार चार इंच वाळू आणि चारच इंच मातीचा केला तर चिकणमाती पंचवीस टक्क्यांखाली येते आणि जमीन पाणी सोडायला लागते. म्हणून जेवढे इंच वाळू, त्याच्या दुप्पट इंच काळी माती खालून वर यायला हवी. ट्रॅक्टरचा पल्टी नांगर दहा ते बारा इंच जातो. त्यामुळे चार इंच ही तुमची वरची मर्यादा धरा आणि काम करताना तीन इंचच ठेवा, कारण यंत्राचा हात इंचभर इकडेतिकडे होतोच. ही मुभा तुमच्याकडे काळी माती खोल आहे म्हणून आहे. ज्यांच्याकडे फुटभर मातीखाली मुरूम आहे त्यांनी हा आकडा उचलू नये, नांगर मुरूम वर काढेल.

म्हणजे मधल्या २५ गुंठ्यांतून एक घमेलंही वाळू काढायची नाही. मोजणीत कुठे पाच-सहा इंचांचा ढीग सापडला तर तेवढा पसरून घ्या. नदीकडच्या २० गुंठ्यांतून वरची आठ इंच काढायची आणि तीन ठेवायची, म्हणजे दोनशेऐवजी १४५ ब्रास. पंचावन्न खेपा कमी झाल्या. त्याहून मोठा फायदा असा की काळ्या मातीला यंत्र लागलंच नाही. "काळ्या मातीपर्यंत खरडून देतो" यातला खरा धोका हाच आहे. जेसीबीचं दातांचं बकेट जिथे वाळू संपते तिथे नेमकं थांबत नाही, दोन-तीन इंच काळी माती घेऊनच वर येतं. वरच्या त्या थरातच तुमच्या रानाचा सेंद्रिय कर्ब, जिवाणू आणि वर्षानुवर्षांचं शेणखत असतं. वाळूसोबत तेही ट्रॉलीत जातं आणि खालची निकस माती उघडी पडते.

यंत्रचालकाला तोंडी सांगून हे साधत नाही. मोजणीच्या जागी खुंट्या ठोका आणि काळ्या मातीपासून तीन इंच वर प्रत्येक खुंटीला लाल रंगाचा पट्टा ओढा. पट्ट्यापर्यंत वाळू उतरली की त्या जागी काम थांबलं. बकेटनं खणण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या लेव्हलरनं वाळू एका कडेला ओढून ढीग करणं आणि जेसीबीनं फक्त ढीग भरणं, हे जास्त नीट होतं. ट्रॉल्यांना ये-जा करायला एकच वाट आखून द्या. सगळ्या रानातून खेपा झाल्या तर सगळं रान दबेल. एकच वाट दबली तर शेवटी तिथे सबसॉयलर मारून ती मोकळी करता येते. काम सुरू करायच्या आधी ठिबकच्या नळ्या, गाडलेल्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, पुरात आलेल्या तारा आणि काचा शोधून काढा, आणि बांधावरचे हद्दीचे दगड कुठे आहेत ते दोन्ही शेजाऱ्यांसमोर उघडे करून ठेवा.

काढलेली वाळू ठेवायची कुठे, हे आधी ठरवा. नदीच्या काठावर ढीग लावू नका, पुढच्या पुरात तीच वाळू परत येते आणि ढिगामुळे पाण्याचा लोंढा रानाकडे वळतो. बांधाला तर मुळीच वापरू नका. निव्वळ वाळूचा बांध पाणी लागलं की ढासळतो. शेतरस्त्यावर किंवा गोठ्यात घातलेली चालेल. विकायची किंवा गटाबाहेर न्यायची असेल तर वाळू हे गौण खनिज आहे, तहसील कार्यालयाची लेखी परवानगी हातात घेतल्याशिवाय एकही ट्रॉली रस्त्यावर काढू नका. जमीन तुमची आणि वाळू पुरानं आणून टाकली, एवढ्यावर दंड टळत नाही.

वरच्या ३५ गुंठ्यांवर ही वाळू पसरली तर वाहतूक आणखी वाचेल, असं कुणीतरी सुचवेल. तिथे पाण्याची सोय असेल तर इंचभर पसरायला हरकत नाही, तेवढ्यात तीसेक ब्रास जिरते. कोरडवाहू ज्वारीचं रान असेल तर मात्र नको. आपली रब्बी ज्वारी सगळी साठलेल्या ओलीवर येते. त्या जमिनीची ओल धरायची ताकद वाळू घालून कमी करण्यात शहाणपण नाही.

यंत्र आणायचा दिवस ठरवताना वरच्या वाळूकडे पाहून फसू नका. वाळू दोन दिवसांत कोरडी दिसते, पण तीच खालच्या काळ्या मातीवर आच्छादनासारखी बसलेली असते आणि खाली आठवडेच्या आठवडे चिखल टिकतो. अशा वेळी ट्रॅक्टर घातला तर माती दबून विटेसारखी घट्ट होते आणि मग दोन हंगाम ढेकळं फुटत नाहीत. वाळू बाजूला सारून खालच्या काळ्या मातीत सहा-आठ इंच खणा, तिथली मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला तर थांबा. नदीकडच्या भागात हा वाफसा यायला जानेवारी उजाडला तरी नवल नाही.

थांबायच्या या काळात मातीचे नमुने द्या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे वाळू आणि खालची माती एकाच पिशवीत भरणं. त्या अहवालातून ना वाळूचं कळतं ना मातीचं. तुमचे चार नमुने वेगवेगळे हवेत: वाळूचा, वरच्या भागातल्या गाळाचा, वाळूखालच्या काळ्या मातीचा आणि पुराचं पाणी न शिवलेल्या जवळच्या रानाचा. चौथा नमुना तुलनेसाठी, तुमची जमीन पुराआधी साधारण कशी होती हे त्यावरून दिसतं. काळ्या मातीचा नमुना घेताना वाळू पूर्ण बाजूला करा, आठ-दहा जागी इंग्रजी 'व्ही' आकाराचा नऊ इंच खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. लोह आणि जस्त तपासायचं असल्याने खरवडायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा, गंजकं खुरपं नको, आणि खताची रिकामी गोणी तर मुळीच नको.

या पहिल्या तपासणीतून एकच गोष्ट ठरवायची आहे: हा थर काळ्या मातीत मिसळणं सुरक्षित आहे का. त्यासाठी सामू, क्षारता म्हणजे ईसी, आणि विनिमययोग्य सोडियम हे तीन आकडे बघा. ईसी एकच्या आत असेल तर क्षारांची काळजी नाही. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर निघालं, तर तो गाळ जमीन चोपण करणारा आहे. तो मिसळायचा नाही, आणि मिसळला गेलाच असेल तर प्रयोगशाळेकडून जिप्समची मात्रा काढून घ्यायची. अंदाजाने जिप्सम टाकू नका. नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे या टप्प्यावर खतासाठी वापरायचे नाहीत, कारण मिसळल्यावर तयार होणारी जमीन या चारही नमुन्यांपेक्षा वेगळी असेल. खताची मात्रा नांगरट संपल्यावरच्या दुसऱ्या तपासणीवर ठरवा.

गाळाबद्दल आणखी एक. तलावातला गाळ कसदार असतो म्हणून पुराचा गाळही तसाच असेल असं धरू नका. एका पारदर्शक बाटलीत एकतृतीयांश गाळ, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाला बसते ती वाळू, पुढच्या दोनेक तासांत बसते ती पोयटा माती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. मधला थर सर्वांत जाड असेल, तर तो गाळ पाऊस पडला की पापडासारखा घट्ट होतो आणि कोंब बाहेर येऊ देत नाही. उपाय अवघड नाही. वाफशावर कुळवाच्या दोन पाळ्यांनी खपल्या फोडा आणि मग आठ-नऊ इंच नांगरून खालच्या मातीत मिसळा. तसाच वर ठेवून पेरू मात्र नका.

आता मिसळण्याचं काम, म्हणजे रोटाव्हेटरचा प्रश्न. रोटाव्हेटर चार-पाच इंचच घुसळतो. तुमच्या साडेतीन इंच वाळूखालची एक-दीड इंच माती तेवढी त्यात येईल. वर भुसभुशीत वाळूचा थर आणि त्याच्याखाली पात्यांनी चोपलेला घट्ट थर, अशी जमीन तयार होईल. तिथे पाणीही अडतं आणि मूळही.

पल्टी नांगराचीही एक खोड आहे. एकदाच नांगरलं तर तो वाळू मिसळत नाही, उलटी करून तळाला गाडतो. काळ्या मातीखाली गाडलेला वाळूचा पट्टा वरच्या वाळूपेक्षा वाईट, कारण बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड वाळूत सहज उतरत नाही. वरची माती भिजून चिबडते, खालचा पट्टा कोरडा राहतो आणि मुळं त्याच्यावरच आडवी पसरतात. म्हणून पहिली नांगरट बारा इंच, पंधरा दिवसांनी तिला आडवी दुसरी, मग कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्या. त्यानंतर चार-पाच जागी दीड फूट खड्डा घेऊन त्याची कड फावड्याने सरळ तासा आणि बघा. काळ्या मातीत पिवळट पट्टे दिसतील. पट्टा इंचापेक्षा जाड असेल तर तिथे पुन्हा आडवी नांगरट हवी. हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलं की ढेकळं उन्हात तापून फुटायला दोन महिने मिळतात.

आता भावजींच्या मळीबद्दल. मळी चांगली, पण कुजलेली हवी. ताजी मळी जमिनीत तापते आणि कुजताना पिकाचंच नत्र खाते. कुजलेली मळी एकरी चार-पाच टन किंवा चांगलं शेणखत आठ-दहा टन मे महिन्यात शेवटच्या पाळीबरोबर मिसळा. दुसऱ्या तपासणीत जस्त किंवा लोह कमी निघालं, आणि चुनखडीच्या जमिनीत ते बहुतेक निघतं, तर झिंक सल्फेट एकरी आठ किलो आणि फेरस सल्फेट दहा किलो याच खतात आठवडाभर मुरवून टाका. आपल्या जमिनीत नुसतं टाकलेलं फेरस सल्फेट लवकर निकामी होतं.

जूनमध्ये पहिल्या पावसावर नदीकडच्या आणि मधल्या मिळून ४५ गुंठ्यांत ताग पेरा, एकरी २० ते २५ किलो बी, सोबत सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलकळी दिसू लागली की गाडायचा. उशीर केला तर खोड लाकडासारखं होतं आणि कुजत नाही. ताग इथे नत्रासाठी तर हवाच, पण त्याचं दुसरं काम तितकंच मोलाचं आहे. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला जगायला जिवंत मूळ लागतं. पाण्याखाली गेलेल्या आणि पिकाविना पडून राहिलेल्या रानात ती फार कमी होते. मग अहवालात स्फुरद पुरेसं दिसतं, तरी कोवळ्या ज्वारीची पानं जांभळट होऊन पीक जागच्या जागी थांबतं. तागाच्या मुळांवर ही बुरशी परत वाढते. सोबत पुरानं आणलेलं लव्हाळ्याचं आणि गाजर गवताचं बी उगवेल. ताग दाट असेल तर गाजर गवत दबतं. लव्हाळा मात्र गाठीसकट वेचूनच काढावा लागेल.

ऑगस्टच्या सुरुवातीला ताग गाडला की सप्टेंबरच्या उत्तरार्धात मालदांडी ज्वारी पेरायला वाफसा मिळतो. पहिल्या वर्षी स्फुरदाचं खत फोकून देऊ नका, पाभरीने बियाण्याच्या खाली पडेल असं द्या. युरिया एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या, कारण वाळू मिसळलेल्या जमिनीतून तो पाण्याबरोबर खाली निघून जातो. पाणीही तसंच, नेहमीपेक्षा कमी आणि नेहमीपेक्षा लवकर. पोटरीच्या वेळी एक संरक्षित पाणी ठेवाच, या भागात नुसत्या ओलीवर यंदा भरवसा ठेवता येणार नाही.

ऊस लावायचाच असेल तर तो वरच्या ३५ गुंठ्यांत. गाळाचा अहवाल ठीक आला, आठ-नऊ इंच नांगरट झाली आणि लाडू फुटला, तर १५ फेब्रुवारीपर्यंत सुरू उसाची लागण तिथे होऊ शकते. नदीकडचे आणि मधले ४५ गुंठे या वर्षी उसाला देऊ नका. ज्वारी फुलोऱ्यात आली की त्या भागात दोन-तीन ताटं मुळासकट खणून बघा. मुळं सरळ दीड-दोन फूट खाली गेली असतील तर पुढची लागण तिथे बिनघोर करा. दहा-बारा इंचांवर ती आडवी वळलेली दिसली, तर तिथे वाळूचा पट्टा राहिला आहे किंवा नांगराचा तळ घट्ट झाला आहे. ज्वारी निघाल्यावर उन्हाळ्यात सबसॉयलर मारून, पुन्हा एक आडवी नांगरट करून मगच सऱ्या पाडा.